एकाच कर्जाचे तीन दर: कर्ज मंजूर झाल्यावर बँकेच्या शाखेत घालवलेल्या पावणेदोन तासांची नोंद

माझ्या भाच्याने वैयक्तिक कर्जासाठी अर्ज केला आणि सहाव्या दिवशी त्याला शाखेतून फोन आला, "सर, लोन सँक्शन झालंय, सह्या करायला या." तो निघताना मला म्हणाला, "आत्या, येतेस का सोबत? फोनवर एक दर सांगितला होता, मेसेजमध्ये दुसराच आलाय." मी एका बँकेच्या कर्ज विभागात बरीच वर्षं काढून निवृत्त झालेली. सह्या घेणाऱ्याच्या खुर्चीत पुष्कळदा बसले, करणाऱ्याच्या शेजारी फारशी बसले नव्हते. म्हणून गेले. जे पाहिलं ते त्याच संध्याकाळी वहीत टिपून ठेवलं. हा लेख त्या टिपणांवरूनच लिहिते आहे. बँकेचं नाव मुद्दामच देत नाही. जे घडलं ते कुठल्याही बँकेत घडू शकतं, आणि त्या शाखेतल्या दोघींपैकी एकीचीही नोकरी माझ्या लेखामुळे अडचणीत यावी असं मला वाटत नाही.

कर्ज काय होतं

रक्कम ५ लाख, मुदत ४८ महिने, हप्ता १३,१६७ रुपये. तारण काही नाही. भाच्याचा पगार नियमित, अंगावर दुचाकीच्या कर्जाचा एक छोटा हप्ता. बँकेच्या दृष्टीने हे सरळ प्रकरण होतं.

गोंधळ होता तो दराचा. अर्ज करण्याआधी ज्या मुलीने बँकेच्या वतीने फोन केला होता, ती म्हणाली होती "६.६ टक्के". मंजुरीच्या मेसेजमध्ये होते १२ टक्के. आणि शाखेत गेल्यावर कागदांच्या गठ्ठ्यात, सातव्या की आठव्या पानावर, तिसरा आकडा सापडला: १४.६१ टक्के. भाच्याचा चेहरा पडला. त्याला वाटलं, आपल्याला फसवलं. खरी गोष्ट जास्त विचित्र आहे. गणित म्हणून या तिन्ही आकड्यांत चूक एकही नव्हती.

६.६ कुठून आला

फोनवरचा आकडा फ्लॅट दराचा होता. ४८ हप्त्यांत मिळून भाचा ६,३२,०१६ रुपये भरणार, म्हणजे व्याज १,३२,०१६. याला चार वर्षांनी भागलं की वर्षाला साधारण ३३,००० येतात, आणि ५ लाखांवर ते होतात ६.६ टक्के. हिशेब बरोबर आहे, फक्त त्यात एक गृहीत दडलेलं आहे: चारही वर्षं पूर्ण ५ लाख तुमच्याच हातात होते. प्रत्यक्षात दर हप्त्यासोबत थोडं मुद्दल परत जातं. पहिल्या हप्त्यातच ८,१६७ रुपये मुद्दलात जमा होतात. दुसऱ्या महिन्याचं व्याज लागायला हवं ते उरलेल्या ४,९१,८३३ वर. अशा घटत्या शिल्लकीवर हिशेब केला की तोच हप्ता १२ टक्क्यांचा निघतो.

म्हणजे ६.६ आणि १२ हे दोन वेगळे सौदे नव्हेत, एकाच सौद्याची दोन नावं आहेत. आमच्या वेळीही हा खेळ चालायचा, वाहनकर्जात विशेष. ओळखायची खूण सोपी आहे: मिळालेला दर अपेक्षेच्या जेमतेम अर्धा वाटला, तर तो बहुतेक फ्लॅट असतो. "रिड्यूसिंगवर किती?" एवढे दोन शब्द विचारले की खरा आकडा बाहेर येतो. भाच्याला हे दोन शब्द माहीत नव्हते. माहीत असायला हवे होते, असं मी म्हणणार नाही.

शाखेतली पहिली चाळीस मिनिटं

आम्ही सव्वाअकराला पोचलो. टोकन घेतलं, पंधरा मिनिटांत नंबर लागला. कर्जाच्या डेस्कवर एक तरुण मुलगी होती, गळ्यात ओळखपत्र, आवाज गोड, वागणं अतिशय नम्र. "बसा ना मॅडम, पाणी आणू का?" असं तिने आपणहून विचारलं. नंतर कळलं की या डेस्कवर येऊन तिला दोनच महिने झाले होते.

तिने स्क्रीनवर फाइल उघडली आणि खात्री करून घेण्यासाठी तपशील वाचायला लागली. मोठ्याने. "सर, नेट सॅलरी बासष्ट हजार, टू-व्हीलरचा ईएमआय एक्केचाळीसशे, आणि मार्चमध्ये त्याचं एक पेमेंट नऊ दिवस लेट दिसतंय, बरोबर ना?" आमच्या पाठीमागे तीन खुर्च्यांवर तीन माणसं बसलेली. त्यातल्या एकाने मान वर करून भाच्याकडे पाहिलं. भाचा खालच्या आवाजात "हो" म्हणाला आणि पुढची पाच मिनिटं काहीच बोलला नाही.

माझ्या मते त्या सकाळची सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती तिला कळलीसुद्धा नाही. उद्धटपणा नव्हता, घाई नव्हती. पण माणसाचा पगार आणि त्याचा चुकलेला हप्ता चारचौघांत वाचून दाखवला की तो मग प्रश्न विचारायच्या मनःस्थितीत राहत नाही. आता आपण लवकर सही करून निघावं, इतकंच त्याला वाटतं. स्क्रीन ग्राहकाकडे वळवून "हे बघून सांगा बरोबर आहे का" म्हटलं असतं तर काम तेच झालं असतं. डेस्कवरचा मॉनिटर फिरणारा होता, मी बघितलं.

मग गठ्ठा आला. बत्तीस पानं, प्रत्येक पानावर सहीच्या जागी पेन्सिलीने बारीक फुली. "सर, जिथे जिथे फुली आहे तिथे." तिने पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं. काय वाचतोय हे सांगणं नाही, पान कशाचं हेही नाही. भाच्याने तीन सह्या केल्या. चौथ्या पानावर मी हात ठेवला.

"यात केएफएस कुठलं आहे?"

ती क्षणभर थांबली. "ते आहे मॅडम आत, सगळं एकत्रच आहे."

केएफएस म्हणजे काय, आणि ते आत का असू नये

की फॅक्ट स्टेटमेंट, बँकेतल्या बोलण्यात केएफएस. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जदारांच्या सर्व नव्या मुदत कर्जांना ते ठरलेल्या नमुन्यात द्यावं लागतं. ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत असलं पाहिजे, त्यातला मजकूर त्याला समजावून सांगितला पाहिजे आणि समजल्याची पोच त्याच्याकडून घेतली पाहिजे. नुसता कागद हातात ठेवून भागत नाही.

त्यातल्या दोन गोष्टी मला सगळ्यात जास्त कामाच्या वाटतात. एक, वार्षिक टक्केवारी दर, ज्याला एपीआर म्हणतात. त्यात व्याजासोबत प्रोसेसिंग फी धरलेली असते, आणि बँक दुसऱ्या कोणासाठी वसूल करते ती रक्कमसुद्धा, उदाहरणार्थ विम्याचा हप्ता. दुसरी म्हणजे, केएफएसमध्ये जो आकार लिहिलेला नाही तो पुढे कर्जाच्या मुदतीत कधीही तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. त्यामुळे हे पान गठ्ठ्याच्या मधे शिवायचं नसतं. ते आधी द्यायचं, मग बाकीचं.

आमच्या गठ्ठ्यात ते इंग्रजीत होतं. खाली एक ओळ छापलेली होती की मला हे समजणाऱ्या भाषेत समजावून सांगण्यात आलं आहे. तिच्यापुढे पेन्सिलीची फुली. समजावणं अजून व्हायचं होतं, पोच मात्र तयार होती.

१४.६१ चा उलगडा

केएफएसमधले आकडे असे होते. प्रोसेसिंग फी दीड टक्का, म्हणजे ७,५००, त्यावर जीएसटी १,३५०. कागदपत्रांचा खर्च करासह ६५०. आणि कर्जसुरक्षा विम्याचा एकरकमी प्रीमियम १४,०००. हे सगळं मिळून २३,५०० रुपये कर्जातूनच कापले जाणार आणि खात्यात पडणार ४,७६,५००. हप्ता मात्र पूर्ण ५ लाखांवरचा, १३,१६७.

बारा टक्क्यांचे साडेचौदा इथे होतात. हातात ४,७६,५०० येतात आणि फेड मात्र ५ लाखांची. हा फरक व्याजासारखाच वागतो. तुम्ही एखाद्याकडून शंभर रुपये उसने घेतले, त्याने पाच आधीच काढून घेतले आणि व्याज शंभरावर लावलं, तसं.

भाच्याने डेस्कवर विचारलं, "हा विमा मी मागितला नव्हता. तो काय आहे?"

"तो कंपल्सरी आहे सर. सगळ्यांनाच असतो."

"आणि आज सही नाही केली तर?"

"मग सर ऑफर लॅप्स होईल. रेट बदलू शकतो."

ही दोन वाक्यं तिने तितक्याच गोड आवाजात सांगितली, आणि दोन्ही चुकीची होती. सात दिवस किंवा त्याहून मोठ्या मुदतीच्या कर्जाचं केएफएस किमान तीन कामकाजाचे दिवस वैध असतं. तेवढ्या दिवसांत कर्जदाराने होकार दिला तर त्यातल्या अटी बँकेवर बंधनकारक असतात. आमच्या केएफएसवर तारीख त्याच दिवसाची होती. म्हणजे ऑफर जायला वेळ होता, ती घाई कागदात नव्हतीच. आणि विमा. कर्जदाराने आपलं आयुष्य विमाकृत करावं हा सल्ला वाईट नाही. पण बँकेने स्वतः विकायला ठेवलेली पॉलिसी घेतल्याशिवाय कर्ज मिळणार नाही, हे म्हणणं बसत नाही.

ती खोटं बोलत होती का? मला तसं वाटलं नाही. तिच्या डेस्कच्या आतल्या बाजूला, ग्राहकाला सहसा दिसणार नाही अशा जागी, सेलोटेपने एक कागद चिकटवलेला होता. मी जरा बाजूला बसले होते म्हणून दिसला. डावीकडे नावं, वर रकाने, त्यातला एक विम्याचा. तिच्या नावापुढे त्या रकान्यात सगळ्या आठवड्याचं एकही टिपण नव्हतं. "कंपल्सरी" हा शब्द तिला कोणीतरी वरून दिला असावा, आणि तो खरा आहे की नाही हे विचारायची सोय तिला नसावी. मी त्या खुर्चीत बसले आहे, मला हे रकाने माहीत आहेत. पण कारण कळलं म्हणून माहिती बरोबर होत नाही.

दुसरी खुर्ची

मी म्हटलं, "बाई, तुमच्या वरिष्ठांशी बोलता येईल का?" ती जरा घाबरलीच. आत काचेच्या केबिनमध्ये ज्या अधिकारी होत्या त्या पन्नाशीच्या आसपासच्या. बसा म्हणाल्या नाहीत. फोनवर होत्या, बोलणं संपवून मग विचारलं, "काय अडलंय?" आवाजात कंटाळा स्पष्ट होता.

भाच्याने तीन दरांचं सांगितलं. त्यांनी काही न बोलता टेबलावरचा कॅल्क्युलेटर ओढला, वापरलेल्या लिफाफ्याची मागची बाजू घेतली आणि पेनने तीन ओळी काढल्या. पहिल्या ओळीत एकूण व्याज भागिले चार वर्षं. दुसऱ्या ओळीत पहिल्या दोन हप्त्यांचं व्याज आणि मुद्दल, वेगवेगळं. तिसऱ्या ओळीत ५,००,००० वजा २३,५००. मग लिफाफा आमच्याकडे फिरवला. "सहा-सहा विसरा. बारा हा व्याजदर. चौदा-एकसष्ट म्हणजे सगळा खर्च धरून तुम्हाला पडणारा दर. दोन बँकांची तुलना करायची तर शेवटचा आकडा धरा."

चार मिनिटं लागली असतील. भाच्याला सगळं समजलं. त्याने विम्याचं विचारलं तेव्हा त्या जराशा थांबल्या आणि म्हणाल्या, "ऐच्छिक आहे. नको असेल तर अर्ज द्या, केएफएस पुन्हा काढावं लागेल." मुदतपूर्व फेडीचं विचारलं तर म्हणाल्या, दर स्थिर आहे, म्हणून पहिल्या वर्षात बंद केलंत तर आकार लागेल, किती तो केएफएसमध्ये लिहिलाय, वाचा. बस्स. उठून आम्हाला दारापर्यंत सोडणं वगैरे काही नाही.

भाचा बाहेर आल्यावर म्हणाला, "किती तुटक बाई होत्या." मला हसू आलं. बाहेर पडताना शाखेत अभिप्रायाचं यंत्र होतं, हसरा चेहरा आणि रडका चेहरा असलेलं. त्या यंत्रावर डेस्कवरच्या मुलीला हसरा आणि केबिनमधल्या बाईंना रडका चेहरा मिळेल यात शंका नाही. पण त्या सकाळी ग्राहकाचं काम केलं ते तुटक बाईंनीच. वागणूक चांगली की वाईट हे मोजताना आपण सूर मोजतो. मी मोजते ते वेगळं: प्रश्नाचं उत्तर मिळालं का, ते खरं होतं का, आणि माणसाची खाजगी गोष्ट जपली गेली का. पहिल्या दोन बाबतींत केबिन पुढे होती. तिसऱ्यात दोन्ही जागा मागे. केबिनचं दार सताड उघडं होतं, आणि आमचं सगळं बोलणं बाहेरच्या बाकावर ऐकू जात होतं.

कागदावर काय मागितलं

त्या दिवशी तिसऱ्या सहीनंतर एकही सही केली नाही. त्या तीन सह्या अर्जाच्या प्रतीवर होत्या, करारावर नाहीत, हे तपासून घेतलं. केएफएस आणि परतफेडीचं वेळापत्रक यांच्या प्रती घेतल्या आणि घरी आलो.

घरी भाच्याने एका पानाचं पत्र लिहिलं. मी फक्त क्रम सुचवला. रागाचं वाक्य एकही ठेवलं नाही, कारण राग दिसला की उत्तर रागाला मिळतं आणि प्रश्न तसाच राहतो. पत्रात होतं ते एवढंच: विमा नको, तो वगळून नवं केएफएस मराठीत द्यावं; विमा सक्तीचा असल्याचं डेस्कवर सांगितलं गेलं ते बरोबर आहे का हे लेखी कळवावं; आणि फोनवर ६.६ टक्के हा दर कोणत्या पद्धतीने सांगितला गेला याचा खुलासा करावा. वर अर्ज क्रमांक आणि भेटीची तारीख, वेळ. एक प्रत शाखेत देऊन दुसरीवर शिक्का घेतला, आणि केएफएसमध्येच छापलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या ईमेलवर तेच पाठवलं. हा पत्ता आणि फोन केएफएसच्या दुसऱ्या भागात द्यावाच लागतो, लोक तिथपर्यंत वाचतच नाहीत.

चार दिवसांनी नवं केएफएस आलं. दर तोच, १२. विमा गेला, कपात ९,५०० वर आली, खात्यात पडणारी रक्कम ४,९०,५००. एपीआर १३.०३ झाला. हप्ता बदलला नाही, कारण कर्ज ५ लाखांचंच राहिलं. भाच्याच्या हाती १४,००० रुपये जास्त आले. ते विम्यात गेले असते तर हप्त्यातले महिन्याला साधारण ३६९ रुपये त्यापोटी गेले असते, आणि चार वर्षांत त्या १४,००० चे जवळपास १७,७०० भरून झाले असते. विमा चांगला की वाईट हा वेगळा विषय आहे. त्याच्यावर अवलंबून असणारं कोणी असतं आणि दुसरं काहीच संरक्षण नसतं, तर मीच त्याला म्हटलं असतं की घे, पण कर्जातून कापून नको, वेगळा घे.

मराठी केएफएसबद्दल एक गंमत. "कंटिन्जंट चार्जेस"चं भाषांतर "आकस्मिक आकार" असं केलेलं होतं. भाच्याने विचारलं, "म्हणजे अचानक लावणार?" नाही. हप्ता चुकला तर लागणारा दंड, मुदतपूर्व फेडीचा आकार, असे काही घडलं तरच लागणारे खर्च. इंग्रजीतून मराठीत आणलं म्हणजे समजणाऱ्या भाषेत आणलं असं होत नाही. "हप्ता उशिरा भरल्यास" असं साधं लिहिलं असतं तर चाललं असतं.

दुसऱ्या भेटीत त्याच मुलीने सह्या घेतल्या. या वेळी पानं उलटताना प्रत्येक पानाचं नाव सांगत होती: हा करार, ही हप्ता कापण्याची संमती, हे केएफएस. कोणीतरी तिच्याशी बोललं असावं, कशा भाषेत ते माहीत नाही. सहीच्या फुल्या मात्र होत्याच. चिकटवलेला कागदही होता.

पत्रातल्या दोन प्रश्नांना लेखी उत्तर आलं. विमा ऐच्छिक आहे, गैरसमजाबद्दल दिलगिरी. तिसऱ्याला आलेलं उत्तर असं: दूरध्वनीवरील विपणन बाहेरच्या संस्थेमार्फत होतं, त्या संभाषणाशी शाखेचा संबंध नाही.

हे उत्तर मात्र मला मान्य नाही. बँकेने काम बाहेर दिलं म्हणून जबाबदारी बाहेर जात नाही. रिझर्व्ह बँकेची याबाबतची भूमिका जुनी आणि स्पष्ट आहे: बाहेर दिलेल्या कामाची अंतिम जबाबदारी बँकेचीच. शिवाय गोंधळाची सुरुवात त्याच फोनपासून झाली होती. ६.६ ऐकून आलेल्या माणसाला १२ कितीही नीट समजावले तरी तो आधी फसल्याच्या भावनेतूनच ऐकतो. शाखेतल्या दोघींना त्या फोनची किंमत मोजावी लागली.

म्हणून भाच्याने दुसरं पत्र पाठवलं आहे, फक्त त्या एका मुद्द्यावर, फोन आलेल्या नंबरासह आणि तारखेसह. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. आज अकरावा दिवस आहे.